आभारपत्र, पावती आणि देणगी प्रमाणपत्र: दात्याला वजावट मिळते ती नेमकी कशावर?

प्रश्न: फोंडा तालुक्यात आमचा लहानसा ट्रस्ट आहे, मुलांसाठी संगीत वर्ग चालवतो. गेल्या चवथीच्या सुमारास एका जोडप्याने ५०,००० चा चेक, १०,००० रोख आणि २५,००० ची हार्मोनियम दिली. आम्ही लेटरहेडवर "श्री. व सौ." अशा नावाने ८५,००० चे आभारपत्र दिले, त्यालाच पावती म्हटले. आता त्यांच्या सीएने ते परत पाठवले आहे. आम्हाला ८०-जीची मान्यता आहे. यजमानांचे हार्डवेअरचे दुकान, बाई शिक्षिका. नवीन पत्र कसे लिहू?

उत्तर:

नमस्कार. पत्राचा मसुदा खाली देतो, पण तुमची अडचण मसुद्यात नाही. तीन वेगवेगळी कामे करणारे तीन कागद तुम्ही एकाच कागदात कोंबलेत. आभारपत्र हे माणसामाणसातले असते, त्यात हार्मोनियमचे कौतुक हवे तेवढे करा. पावती हा ट्रस्टच्या हिशेबाचा कागद: कोणाकडून, कधी, किती, कशा मार्गाने. आणि दात्याला वजावट ज्याच्या जोरावर मिळते तो तिसराच कागद आहे, फॉर्म १०-बीई. तो तुम्ही लिहायचा नसतो, आयकराच्या पोर्टलवरून उतरवून घ्यायचा असतो.

पूर्वी, म्हणजे २०२०-२१ पर्यंतच्या देणग्यांना, शिक्का मारलेली ८०-जीची पावती पुरायची. २०२१-२२ पासून व्यवस्था बदलली. वर्षभरातल्या देणग्यांचे विवरण ट्रस्टने फॉर्म १०-बीडीमध्ये पुढच्या ३१ मेपर्यंत भरायचे. त्यात दात्याचे नाव, पत्ता, पॅन किंवा दुसरा ओळख क्रमांक, रक्कम, देणगीचा प्रकार आणि ती रोख, वस्तुरूप की बँकेमार्फत, हे सगळे येते. ते भरले की पोर्टल प्रत्येक दात्याचे १०-बीई तयार करते आणि त्यावर एक क्रमांक असतो. दात्याच्या रिटर्नमध्ये ८०-जीच्या तक्त्यात हा क्रमांक विचारतात. कायद्यात स्पष्टीकरण २-ए म्हणून जोडलेली ओळच अशी आहे की दात्याचा दावा ट्रस्टने दिलेल्या माहितीच्या आधारे मान्य होईल. म्हणजे तुमची पावती कितीही सुबक असली तरी १०-बीडीत नोंद नसेल तर दात्याच्या हातात काही उरत नाही.

तुमची देणगी २०२५-२६ मधली, म्हणून तुमची मुदत ३१ मे २०२६. त्याच तारखेपर्यंत १०-बीई दात्याच्या हातात जायला हवे. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क आहे, वर १०,००० ते १ लाखापर्यंत दंडाची तरतूद. लहान ट्रस्टात खजिनदार बदलला की हे विवरण राहून जाते आणि जूनअखेर दात्यांचे फोन सुरू होतात. तेव्हा पत्राच्या आधी लॉगिन कोणाकडे आहे ते बघा.

आता तुमच्या ८५,००० चे काय करायचे ते पाहू.

हार्मोनियम पहिली बाजूला काढा. ८०-जीची वजावट फक्त पैशाच्या देणगीला आहे, वस्तूला नाही. बिल २५,००० चे असले तरी तुम्ही पावतीवर आकडा लिहिलात की दात्याला वाटते हेही धरले जाईल. म्हणून वस्तूची वेगळी पोच द्या: "एक हार्मोनियम, अमुक बनावटीची, अमुक तारखेस मिळाली." बिलाची प्रत तुमच्या फाइलला लावा आणि मालमत्तेच्या नोंदवहीत ती चढवा. १०-बीडीत "वस्तुरूप" असा पर्याय आहे, तिथे तिची नोंद तशीच जाईल.

मग रोख. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला वजावट नाही. ही मर्यादा २०१७-१८ पासून आहे, त्याआधी १०,००० होती, आणि बऱ्याच जुन्या मंडळींच्या डोक्यात अजून तोच आकडा बसला आहे. १०,००० पैकी पहिले २,००० तरी मिळतील का, असे लोक विचारतात. मिळत नाहीत. रक्कम मर्यादेपलीकडे गेली की पूर्ण रक्कम बाद. यावर कोणीतरी तुम्हाला सुचवेल की दोन-दोन हजारांच्या पाच पावत्या फाडा, एक आजोबांच्या नावाने, एक मुलाच्या. ते करू नका. तुमच्या कॅशबुकात त्या दिवशी एकाच माणसाकडून १०,००० आलेत, आणि १०-बीडीत तुम्ही सहीनिशी वेगळे सांगणार. ही रोख तुमच्याकडे आली, ट्रस्टच्या कामाला लागली, एवढेच तिचे खरे वर्णन. पावती द्या, "रोख" असे ठळक लिहा.

राहिले ५०,००० चेकचे. इथे तुमच्या "श्री. व सौ."ने घोळ केला आहे.

वजावट एका पॅनला मिळते, जोडप्याला नाही. पावती ज्याने पैसे दिले त्याच्या नावाने हवी, आणि पैसे कोणी दिले हे तुमचे बँक स्टेटमेंट सांगते. संयुक्त खात्याचा चेक असेल तर मी सही कोणाची आहे ते पाहतो आणि त्या व्यक्तीकडून दोन ओळींचे पत्र घेतो की ही देणगी माझी आहे, माझा पॅन हा. नाव पॅन कार्डावर रोमन लिपीत जसे आहे तसेच उतरवा. आपल्याकडे एकाच घरातल्या दोन भावांच्या आडनावाचे स्पेलिंग वेगळे असते, एकाचे पोर्तुगीज वळणाचे, दुसऱ्याचे शाळेत लावलेले. अंदाजाने लिहू नका, कार्डाची प्रत मागवा.

गोव्यात यात आणखी एक पदर आहे आणि बाहेरच्या सीएंना तो पटकन लक्षात येत नाही. आपल्याकडच्या कौटुंबिक कायद्यामुळे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, नवरा-बायकोचे पगार सोडून बाकीचे उत्पन्न आयकराच्या कलम ५-ए नुसार निम्मे-निम्मे धरले जाते. दुकानाचा नफा नवऱ्याचा दिसत असला तरी अर्धा बायकोच्या रिटर्नमध्ये जातो. पगार मात्र ज्याचा त्याच्याकडे. हे कलम उत्पन्न वाटते, देणगीची वजावट वाटण्याची सोय त्यात नाही. ती ज्याच्या नावाने १०-बीई, त्याचीच.

याने काय फरक पडतो ते उदाहरणाने सांगतो. आकडे मी धरलेले आहेत, तुमच्या दात्यांचे नव्हेत. दुकान एकट्या यजमानांच्या मालकीचे, नफा ९ लाख. बाईंचा पगार साडेसहा लाख. दोघेही आयकराच्या जुन्या पद्धतीत आहेत आणि प्रत्येकाची विमा-भविष्यनिर्वाह वगैरेंची दीड लाखाची वजावट आहे असे समजू.

यजमानांच्या वाट्याला नफ्याचे साडेचार लाख. दीड लाख गेले, उरले ३ लाख. तुमच्यासारख्या ट्रस्टला दिलेल्या देणगीवर वजावट निम्म्या रकमेची, पण त्याआधी देणगीला मर्यादा आहे: बाकीच्या वजावटी काढून उरलेल्या उत्पन्नाच्या १० टक्के. (काही प्रकारचा भांडवली नफाही त्यातून वगळतात, आपल्या उदाहरणात तो नाही.) म्हणजे यजमानांची मर्यादा ३०,०००. चेक ५०,००० चा असला तरी ३०,००० च धरले जातील आणि वजावट १५,००० ची. तीही कामाची नाही, कारण ३ लाखांच्या उत्पन्नावर सवलत जाऊन कर शून्यच येतो.

बाईंचे बघा. पगारातून ५०,००० ची प्रमाणित वजावट जाऊन ६ लाख, अधिक नफ्याचे साडेचार, मिळून साडेदहा. दीड लाख काढले की ९ लाख. मर्यादा ९०,०००, म्हणून ५०,००० पूर्ण बसतात आणि वजावट २५,००० ची. २० टक्के दराने ५,००० आणि त्यावर ४ टक्के उपकर धरून ५,२०० रुपये कर वाचतो. तोच चेक, तेच घर, पण सही कोणाची यावर शून्य किंवा ५,२००.

आता याच उदाहरणाची दुसरी बाजू. नव्या करपद्धतीत ८०-जीची वजावट नाहीच, आणि वेगळे काही निवडले नाही तर तीच लागू होते. २०२५-२६ साठी त्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य आहे. बाईंचे उत्पन्न तिथे ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन सव्वादहा लाख, म्हणजे कर शून्य. जुन्या पद्धतीत राहून, देणगीची वजावट घेऊनसुद्धा, त्यांना सुमारे ९१,००० कर बसेल. ५,२०० वाचवायला कोणी ९१,००० भरणार नाही. तेव्हा अशा मध्यम उत्पन्नाच्या पगारदार आणि दुकानदार दात्यांना तुमच्या ८०-जीचा यंदा बहुधा काहीच आर्थिक उपयोग नाही. मोठे गृहकर्ज, घरभाडे भत्ता, अशा बऱ्याच वजावटी एकत्र आल्यामुळे ज्यांना जुनी पद्धत परवडते, त्यांचाच हा विषय उरला आहे. तुमच्या दात्यांच्या सीएने पावती परत पाठवली यावरून ते त्यातले असावेत, पण विचारून घ्या.

एक वर्ग मात्र असा आहे की ज्याला ही वजावट अजून सरळ मिळते: भागीदारी पेढी. पेढीला नवी-जुनी असा पर्याय नाही, तिला ३० टक्के कर आहे आणि ८०-जी खुले आहे. आपल्याकडे हार्डवेअर, काजू, वाहतूक असे कितीतरी धंदे भावाभावांच्या पेढीत चालतात. वरच्या उदाहरणातले ५०,००० पेढीच्या खात्यातून आणि पेढीच्या पॅनवर आले असते आणि १० टक्क्यांच्या मर्यादेत बसले असते, तर २५,००० वर उपकरासह ७,८०० रुपये वाचले असते. म्हणून मी ट्रस्टच्या मंडळींना सांगतो की देणगी ठरली की चेक लिहिण्याआधी दात्याला विचारा, कोणत्या खात्यातून देताय? चेक वठल्यावर हा प्रश्न विचारून उपयोग नाही. तुमच्या बाबतीत चेक खासगी खात्याचा होता तर तो खासगीच. नंतर पेढीच्या नावाने पावती मागितली तर नम्रपणे नाही म्हणा.

आता मसुदा. पत्र मराठीत असू दे, त्यात आकड्यांचे जंजाळ नको. सोबत पावती, तीत नाव आणि पॅन रोमन लिपीत, कारण १०-बीईशी तीच ताडून पाहतात.

> सप्रेम नमस्कार. आपण दि. ____ रोजी आमच्या संगीत वर्गांसाठी दिलेली ५०,००० रुपयांची देणगी मिळाली, विश्वस्त मंडळ आपले आभारी आहे. आपल्या दि. ____ च्या पत्रात कळवल्याप्रमाणे ही रक्कम ____ या कामासाठी वापरली जाईल. पावती क्र. ____ सोबत जोडली आहे. या देणगीचे फॉर्म १०-बीई प्रमाणपत्र पोर्टलवरून मिळताच आपणास स्वतंत्रपणे पाठवू. यापूर्वी दिलेले दि. ____ चे एकत्रित पत्र रद्द समजावे.

आणि पावतीवर हे असावे: ट्रस्टचे नोंदणीतले पूर्ण नाव, पत्ता, पॅन. ८०-जी मान्यतेचा क्रमांक, आदेशाची तारीख आणि मान्यता कोणत्या वर्षापर्यंत आहे ते. पावती क्रमांक आणि पावतीची तारीख. दात्याचे नाव, पत्ता, पॅन. रक्कम आकड्यात आणि अक्षरात. चेक क्रमांक, बँक, चेक मिळाल्याची तारीख आणि खात्यात जमा झाल्याची तारीख. देणगीचा प्रकार. अधिकृत विश्वस्ताची सही.

यातल्या दोन गोष्टींवर जरा थांबतो. मान्यतेचा क्रमांक जुन्या आदेशावरचा छापू नका. २०२१ नंतर सगळ्या ट्रस्टांना नव्याने अर्ज करावा लागला आणि फॉर्म १०-एसीमध्ये नवा क्रमांक मिळाला, तो ट्रस्टच्याच पॅनने सुरू होतो. जुने "कायमस्वरूपी" पत्र फ्रेम करून लावलेले ट्रस्ट अजून दिसतात. ते भिंतीवरच राहू दे. १०-एसीवर मुदत पाहा, तात्पुरती मान्यता तीन वर्षांची असते आणि नियमित पाच वर्षांची. देणगीची तारीख त्या मुदतीत बसत नसेल तर पुढचे सगळे व्यर्थ.

दुसरी, देणगीचा प्रकार. "मूळ रक्कम ठेवा आणि व्याजातून शिष्यवृत्ती द्या" असे दाते तोंडी सांगतात आणि ट्रस्ट पावतीवर "कॉर्पस" लिहून मोकळा होतो. कॉर्पससाठी दात्याचा स्पष्ट निर्देश लागतो, तो त्याच्याच सहीच्या पत्रात हवा. म्हणून मसुद्यात "आपल्या पत्रात कळवल्याप्रमाणे" असे ठेवले आहे. तसे पत्र नसेल तर ते वाक्य काढून टाका. दात्याच्या वजावटीला याने फरक पडत नाही, तुमच्या ट्रस्टच्या स्वतःच्या कराला पडतो. शिवाय ती रक्कम वेगळी ओळखता येईल अशी, कायद्याला मान्य ठेवीतच गुंतवावी लागते.

रेव्हेन्यू स्टॅम्पचा प्रश्न येईलच. पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचा लागतो, पण मोबदला नसलेल्या रकमेची पावती मुद्रांक कायद्याने वगळली आहे. देणगीला मोबदला नसतो. लावलात तरी बिघडत नाही.

मोबदल्यावरून आठवले. तुमच्या वार्षिक संगीत संमेलनाची स्मरणिका निघत असेल आणि त्यात दुकानांच्या जाहिराती असतील, तर त्या पैशाला ही पावती देऊ नका. जाहिरातदाराला पान मिळाले, ती देणगी नव्हे. त्याला जाहिरातीचे बिल द्या. धंद्याचा खर्च म्हणून तो पूर्ण रक्कम दाखवू शकतो, त्यामुळे तक्रार करणार नाही.

आणि गोव्यात विसरून चालणार नाही असा एक दाता: लंडनला किंवा लिस्बनला असलेला गावचाच मुलगा. तो भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल तर हरकत नाही. पण त्याने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल, तर ओसीआय कार्ड असले, पैसे इथल्या रुपयातल्या खात्यातून आले, तरी तो परदेशी स्रोत ठरतो. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतले ठराविक खाते नसेल तर ती रक्कम स्वीकारूच नका. पावती फॉर्ममध्ये "नागरिकत्व" असा एक रकाना घाला, विचारायला संकोच वाटत असेल तर तो रकाना विचारेल.

आता कामाचा क्रम. जुने पत्र दात्याकडून परत घ्या, त्यावर "रद्द" लिहून फाइलला ठेवा. फाडून टाकू नका. नव्या पावत्या आजच्या तारखेच्या करा, मागची तारीख घालू नका, देणगीची मूळ तारीख आतल्या मजकुरात येतेच. चेकची एक पावती, रोखीची दुसरी, हार्मोनियमची पोच तिसरी. रोख नेमकी कोणी दिली तेही विचारून त्याच नावाने लिहा. मग १०-बीडी भरा. ते आधीच "श्री. व सौ."सकट भरून झाले असेल तर सुधारित विवरण भरता येते. तसे केल्यावर सुधारित १०-बीईच दात्याला द्या, आधीचे त्यांनी सीएकडे पाठवले असेल तर तेही कळवा, कारण रिटर्नमध्ये जुना क्रमांक गेला तर पुन्हा हाच फेरा.

बाईंच्या शाळेच्या कार्यालयाने ही देणगी फॉर्म १६ मध्ये धरली नाही म्हणून कोणी घाबरू नये. खासगी ट्रस्टच्या देणग्या कार्यालये साधारणपणे धरत नाहीत, दावा रिटर्नमध्येच करायचा असतो.

तुमचे पावतीपुस्तक छापून घ्यायचे असेल तर एवढे बघा. हे सगळे ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या देणग्यांसाठी, १९६१ च्या कायद्याच्या भाषेत लिहिले आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या देणग्यांना २०२५ चा आयकर कायदा लागू आहे, तिथे कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक वेगळे आहेत. "८०-जी" छापलेली हजारभर पाने उरली असतील तर नव्या वर्षाला ती वापरू नका.